बूड न हलवणारी माणसं

माणूस शहाणा असतो असं मला शाळेत शिकवलं होतं. मी वयाच्या अठराव्या वर्षी नागपुरात, महाल भागातल्या एका वाचनालयात दोन-अडीच महिने बसले आणि हा समज कायमचा धुऊन निघाला. तिथं रोज सकाळी जमणारी माणसं शिकलेली होती. पेन्शनर होते, वकील होते, मास्तर होते, सेक्रेटरिएटातले कारकून होते. जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्यांना मत होतं. त्यांना फक्त स्वतःच्या खुर्चीवरून उठता येत नव्हतं.

मी तिथं का गेले ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कळेल. मला मॅट्रिकला बसायचं होतं, आणि तेही बाहेरून. आमच्या घरात दोन खोल्या, त्यात आई-वडील, दादा-वहिनी, त्यांची तीन पोरं आणि मी. अभ्यासाला पुस्तक उघडलं की कुणीतरी त्यावर वाटी ठेवायचं. शिवाय माझं इंग्रजी कच्चं, आणि मोठा इंग्रजी कोश, नकाशांचं पुस्तक, इंग्रजी वर्तमानपत्रं हे सगळं त्या वाचनालयातच होतं, घरी न्यायची सोय नव्हती. वडिलांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "एक वेळ बस. पास झाली तर मास्तरणीच्या ट्रेनिंगला धाडतो. नाही झाली तर रामटेकचं स्थळ आहे, मग कटकट करायची नाही." रामटेकचं स्थळ म्हणजे धानाची शेती, दोन पोरं आणि चाळिशीतला बिजवर. एकच परीक्षा, एकच वेळ. त्यामुळे मला ती जागा हवी होती, आणि ती मिळवायला मी कुणाच्याही डोळ्यांत डोळे घालायला तयार होते.

दादा तिथला सभासद. त्यानं चिटणिसांकडे शब्द टाकला, चिटणिसांनी "तक्रार येईपर्यंत येऊ द्या" असं सांगितलं, आणि डिसेंबरात एके सकाळी मी पदर खोचून, कोरी वही घेऊन आत गेले. हॉल लांबट. मधे मोठं टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या. एका बाजूला पश्चिमेचं दार आणि दुसरीकडे पूर्वेच्या मोठ्या खिडक्या. दाराबाहेर ओसरी, ओसरीत एक लाकडी बाक. हॉलात पाच-सहाच माणसं होती आणि खुर्च्या तिप्पट. मी जवळची रिकामी खुर्ची पाहून बसले.

कुणी काही बोललं नाही. पण खोकले सुरू झाले. आधी एक, मग दुसरा. एका पेन्शनरानं वर्तमानपत्र खाली करून मला पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, मग दार पाहिलं. थोड्या वेळानं एक वकील आले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. हातात छत्री, तोंडात मूग. मी वर पाहिलं. ते भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होते. इतका वेळ पाहत होते की मला वाटलं तसबिरीतल्या राजाला खरंच काही झालंय. शेवटी मी उठले, तर ते लगेच बसले आणि हुश्श केलं. मी पुढच्या रिकाम्या खुर्चीवर गेले. पुन्हा खोकले.

त्या दिवशी मी चार वेळा उठले आणि एक ओळ वाचली नाही. घरी येऊन रडले. आई म्हणाली, "काहून वं रडून राहिली? कोणी बोललं का तुले?" तेच तर! कोणी बोललं असतं तर मी परत बोलले असते. माझी जीभ काही आखूड नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, की अभ्यास होत नाही तोवर या लोकांचाच अभ्यास करायचा. एका रिकाम्या स्टुलावर, कपाटाला पाठ लावून बसायचं आणि पाहायचं. आठवडाभरात मला जे दिसलं त्यानं माझं रडं थांबलं आणि हसू सुरू झालं.

सगळ्यात आधी हे दिसलं, की 'माझी खुर्ची, माझी खुर्ची' म्हणणाऱ्यांपैकी एकालाही आपली खुर्ची ओळखता येत नव्हती. शिपाई रोज झाडताना सगळ्या खुर्च्या ढकलून कोपऱ्यात करी आणि परत लावताना हाताला येईल ती कुठंही लावी. एक खुर्ची डुगडुगायची. ती सोमवारी वकिलांकडे असे, मंगळवारी पेन्शनरांकडे. जो कोणी तिच्यावर बसे तो डुगडुगत बसे, पण शेजारची चांगली खुर्ची ओढून घेत नसे. खुर्ची बदलली तरी चालेल, जागा बदलता कामा नये. एका सकाळी मी मुद्दाम लवकर जाऊन ती डुगडुगणारी एका मास्तरांच्या जागी लावली. हे मास्तर स्त्रीशिक्षणावर भाषणं द्यायचे. ते आले, बसले, डुगडुगले, खाली वाकून पाहिलं, पायाखाली कागदाची घडी सारली आणि वाचू लागले. दोन हातांवर चांगली खुर्ची रिकामी होती हो!

दुसरी गंमत ऋतूंची. दाराकडच्या जागा पेन्शनरांच्या आणि जुन्या सभासदांच्या. का, तर उन्हाळ्यात त्या दाराला वाळ्याची ताटी लावत आणि शिपाई तिच्यावर पाणी शिंपडी. नागपूरचा उन्हाळा ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको, की त्या ओल्या वाळ्याजवळची हातभर जागा म्हणजे काय चीज आहे. तेव्हा त्या जागांसाठी त्यांनी एकेकाळी पहाटे उठून ठाण मांडलं असेल, तर मी त्यांना नावं ठेवत नाही. पण मी गेले तेव्हा डिसेंबर होता. ताटी माळ्यावर गेली होती. उघड्या दारातून असा गारठा येई की बोटं वाकडी होत. समोर, पूर्वेच्या खिडक्यांतून टेबलाच्या त्या बाजूला छान ऊन पडलेलं, आणि हे म्हातारे कानटोपी, मफलर, लोकरीचे मोजे घालून दाराशी कुडकुडत बसलेले! नाकाला पाणी, हातात वर्तमानपत्र थरथरतंय, पण जागा सोडायची नाही. ज्या कारणानं जागा धरली ते कारण माळ्यावर गेलं तरी हे खालीच.

मी दादाला विचारलं, "हे असं का करतात रे?" दादा म्हणाला, "सवय." सवय हे काही उत्तर नाही. मी स्वतःवरच करून पाहिलं. ज्या स्टुलावर मी आदल्या दिवशी वैतागून बसले होते, त्यावरच पुढच्या दिवशी बसले. का? कारण आत शिरल्यावर क्षणभर सगळ्यांसमोर उभं राहून 'कुठं बसू' हे ठरवायची लाज वाटे, आणि काल जिथं बसलो तिथं जाताना ती लाज वाटत नाही. तिथला उजेड कसा पडतो ते ठाऊक असतं. शेजारचा माणूस मोठ्यानं वाचतो की मनात, तपकीर ओढतो की नाही, तेही ठाऊक असतं. नवीन जागी हे सगळं पुन्हा शिकावं लागतं, आणि तेवढं लक्ष पुस्तकातून जातं. इथपर्यंत ते म्हातारे आणि मी सारखेच. हे मला कबूल आहे.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्यात बसले, तर शिपाईसुद्धा म्हणाला, "आज इकडे काहून बसल्या बाई?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जागा आपण एकट्यानं धरत नाही, बाकीचे आपल्याला तिच्यात धरून ठेवतात. आपण दोनदा बसलो की त्यांच्या मनात तिथं आपली आकृती बसते. मग आपण हललो की त्यांनाच चुकल्यासारखं होतं. आमच्या शाळेतही हेच. पहिल्या दिवशी मैत्रिणी ज्या बाकावर घाईनं बसल्या ते बाक वर्षभराचं झालं. बाई आमची नावं चेहऱ्यावरून ओळखत नसत, बाकावरून ओळखत. दोघींनी जागा बदलल्या की एकीची छडी दुसरीला. वडिलांच्या ऑफिसातही बढती मिळाल्यावर त्यांना पंख्याखालचं टेबल देऊ केलं तर ते गेले नाहीत. म्हणाले, "इथं लोकांना मी सापडतो." वडिलांचं निदान तेवढं तरी खरं होतं.

वाचनालयातल्या लोकांचं मात्र तेवढंही नव्हतं. तिथं जागा धरायचेही ठरलेले प्रकार होते. खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवलं तर ते कुणीही उचलून बसे, कारण वर्तमानपत्र सगळ्यांचं. पण टोपी ठेवली, उपरणं टाकलं, तपकिरीची डबी ठेवली, की ती खुर्ची सोवळ्यात गेली. एक कारकून रुमाल टाकून तासभर बाहेर चहा पीत असे आणि दहा माणसं उभी असली तरी रुमालाला हात लावायची कुणाची छाती होत नसे. भांडण कधीच होत नसे. भांडायला हक्क सांगावा लागतो, आणि हक्क तर कुणालाच नव्हता. म्हणून खोकायचं, मागे उभं राहायचं, घड्याळ पाहायचं. आणि तरीही समोरचा हललाच नाही, तर दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी यायचं. दुसरं काहीही करण्याइतका कणा त्यांच्यात नव्हता.

एक अपवाद होता. दाराला लागून पहिली जागा एका वैद्यबुवांची. सत्तरी गाठलेले, एक गुडघा कामातून गेलेला. त्यांच्या जागेला मात्र कारण होतं. डाव्या हाताला भिंत होती, तिला हात टेकून ते उठत-बसत. हॉलात दुसऱ्या कुठल्याही जागी त्यांना उठणं जड गेलं असतं. आणि मला तोंडावर बोललेलेही ते एकटेच. तिसऱ्याच दिवशी काठी आपटत म्हणाले, "पोरी, बायकांनं पुरुषांत येऊन बसावं हे मले पसंत नाही. मी तक्रार देणार आहे. तुले आधी सांगून ठेवतो." मी म्हटलं, "द्या." ते म्हणाले, "देतोच." आणि दिली. त्यांच्या अर्जाखाली मग दाराकडच्या सगळ्या कुडकुडणाऱ्यांनी सह्या केल्या.

तक्रार आली तेव्हा चिटणिसांनी निकाल सभासदांवर सोपवला, आणि जानेवारीत एका रविवारी सकाळी सभा ठरली. ठराव एवढाच, की परीक्षेला बसणाऱ्या मुलींना सकाळच्या वेळी हॉलात बसू द्यावं. मांडणार दादा. सभेआधी लोक काय बोलतात ते मी ऐकत होते. धर्म, मर्यादा, समाज, सगळं आलं, पण फिरून फिरून प्रश्न एकच, "ते ठीक आहे हो, पण ती बसेल कोणाच्या जागी?" बाप्पा! देशात काय काय चाललं होतं, आणि यांच्या पोटात गोळा कशाचा, तर एक पोरगी कुठं टेकेल याचा.

अध्यक्ष होते एक वकील. त्यांनी नुकतीच गॅलरीत बसून प्रांताच्या कायदे कौन्सिलची बैठक पाहिली होती आणि त्याचं वेड घेऊन आले होते. एक पितळी घंटाही विकत आणली होती. हात वर करून मतं मोजणं त्यांना गावंढळ वाटू लागलं होतं. ते सगळ्यांना सांगत सुटले होते, की यंदा मतं बाजू घेऊन होतील. अनुकूल एकीकडे, प्रतिकूल एकीकडे, आणि घंटा वाजली की जो जिथं असेल तो तिथला. दादानं हे घरी हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मी विचारलं, "कुठली बाजू कुणाची, हे ठरलंय का?"

"नाही. का?"

"अनुकूल दाराकडे ठेवायला सांग."

दादा म्हणाला, "अगं, दाराकडे तर सगळे विरोधक बसतात."

"म्हणूनच," मी म्हटलं. "ते उठणार नाहीत."

दादाला पटलं नाही. त्याला वाटलं, मतासाठी माणूस दहा पावलं चालेलच. मी म्हटलं, तू त्यांना नीट पाहिलेलं नाहीस. मग आम्ही दोघांनी हिशेब जुळवला. दाराकडचे बहुतेक विरोधात, पण जागेवरच राहतील. खिडकीकडे मास्तर आणि कारकून, त्यात बरेच आपल्या बाजूचे, पण तेही जागा सोडतील याची खात्री नाही. म्हणून दादानं त्याचे चार-पाच दोस्त पकडले. सभासद होते, पण वाचनालयात कधी फिरकत नसत. त्यांना हॉलात बसायची जागाच नव्हती, त्यामुळे त्यांना ती जायची भीतीही नव्हती. असली माणसंच कामाची.

सभेच्या दिवशी मी आणि आई बाहेर ओसरीतल्या बाकावर बसलो. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. दादानं आम्ही ठरवलेली सबब पुढं केली, "मुलगी दाराजवळच बसणार, तेव्हा अनुकूल मंडळी दाराकडे असावी." अध्यक्षांना ते फार कौन्सिलसारखं वाटलं. त्यांनी मान डोलावली. मास्तरांनी स्त्रियांच्या उन्नतीवर भाषण केलं. सुंदर केलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. वैद्यबुवांनी दोनच वाक्यांत विरोध केला. मग अध्यक्षांनी जाहीर केलं, की आता आपापल्या बाजूला जावं, मी घंटा वाजवीन.

मी बाकावरच पुढं सरकून आत पाहू लागले. आत हे असं झालं.

दाराकडचे पेन्शनर एकमेकांकडे पाहू लागले. उठायचं म्हणजे समोर उन्हात जायचं. नुसतं ऊन नाही, चांगलं उबदार ऊन! पण उठलं की जागा जाणार. दादाचे दोस्त मागे उभेच होते, आणि रिकाम्या खुर्चीवर कुणीही टेकेल. एकानं मफलर घट्ट केला. एक पुटपुटला, "माझं मत सगळ्यांना ठाऊकच आहे." दुसऱ्यानं "हो ना" म्हणून पाय खुर्चीखाली ओढले. सगळे चिकटून बसले. आणि पलीकडे? पलीकडे उन्नतीवाले मास्तर! उन्हातली उबदार जागा, मागे खिडकीचा कठडा, समोर इंग्रजी वर्तमानपत्र. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा आपल्या खुर्चीकडे पाहिलं, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागले. इतका वेळ पुसला की काच झिजायची. त्यांच्याबरोबरचे दोन-तीन कारकूनही तसेच बसून राहिले. आई म्हणाली, "हे मास्तर काहून नाही उठून राहिले वं?" मी काय सांगणार तिला!

दादाचे दोस्त दाराकडे गेले. अध्यक्षांनी घंटेला हात घातला. आणि तेवढ्यात वैद्यबुवा उठले.

भिंतीला हात टेकला, काठी रोवली, एकदा मागे कलले, पुन्हा जोर केला आणि उभे राहिले. अध्यक्ष थांबले. सगळा हॉल पाहत होता. ते टेबलाला वळसा घालून, एकेक पाऊल टाकत, पूर्ण हॉल ओलांडून खिडकीकडे गेले. तिथं एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि कुणी उठलंही नाही. म्हणून ते काठीवर भार देऊन उभे राहिले. मग घंटा वाजली.

ठराव थोडक्यात मंजूर झाला. तेव्हा कुठं पेन्शनरांना कंठ फुटला. "हे काय? आम्ही तर विरोधात!" अध्यक्ष म्हणाले, "आपण अनुकूल बाजूला आहात." "पण आम्ही बसलेले आहोत!" "मग उठायचं होतं." एवढं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा घंटा वाजवली, हौसेनं. मी ओसरीत पदर तोंडाशी धरून हसत होते. मला या माणसांची कीव यायला हवी होती. आली नाही. आजही येत नाही.

पुढचं मात्र मी ठरवलेलं नव्हतं. मी कुठं बसायचं याची चर्चा तिथल्या तिथं सुरू झाली. दाराजवळ, हे तर दादानं आधीच म्हणून ठेवलं होतं. मग ज्यांनी वैद्यबुवांच्या अर्जाखाली सह्या केल्या होत्या, त्यांच्यातलेच एक पेन्शनर पटकन म्हणाले, "ही पहिली जागा द्या ना. बुवांनी सोडलीच आहे." आणि बाकीचे, "हाव, हाव, बरोबर!" आपली वाचली ना, मग दुसऱ्याची देऊन टाका! बुवा खिडकीशी उभे होते. त्यांनी ऐकलं. 

मी ती जागा घेतली. का नाही घेणार? माझ्या डोक्यावर रामटेक लटकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, भिंतीकडची पहिली खुर्ची धरली, कोश उघडला आणि मान वर केली नाही. बुवा आले. माझ्याकडे पाहिलं, मागे फिरले आणि बाहेर ओसरीतल्या बाकावर जाऊन बसले. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले नाहीत, खोकलेही नाहीत. शिपाई त्यांना आतून कालची वर्तमानपत्रं नेऊन देई. बाकाला भिंत दूर होती. उठताना ते शिपायाचा खांदा धरत. त्या सगळ्या थंडीत ते रोज तिथंच बसले, आणि मी रोज त्यांच्या जागी. आतल्यांपैकी कुणी एकदाही त्यांना 'आत या' म्हटलं नाही. 'आत या' म्हटलं तर कुणाला तरी उठावं लागलं असतं.

मार्चात परीक्षा झाली. उन्हाळ्यात निकाल लागला. मी पास झाले. वडिलांनी रामटेकला नकार कळवला, आणि ट्रेनिंगचा अर्ज स्वतःच्या हातानं भरला. आईनं पेढे केले. ते घेऊन मी वाचनालयात गेले. चिटणिसांना दिले, शिपायाला दिले, अध्यक्षांना दिले. पेन्शनरांनाही दिले, त्यांनी दोन-दोन उचलले.

वाळ्याची ताटी दाराला लागली होती. शिपाई नुकताच पाणी शिंपून गेला होता आणि आत छान गारवा सुटला होता. दाराजवळची पहिली खुर्ची, जिच्यासाठी एरवी उन्हाळ्यात माणसं तुटून पडली असती, ती रिकामी. मी परीक्षेपासून येत नव्हते, तरी रिकामी! मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "ती बाईंची जागा आहे ना." झालं. आता माझीही आकृती तिथं बसली होती. त्यांच्यातल्या कुणालाही ती मोडायचं धैर्य नव्हतं.

आणि बाहेर, तापलेल्या ओसरीत, बाकावर वैद्यबुवा. उपरण्यानं घाम पुसत कालचं वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पेढ्यांचा डबा पुढं केला.

"पास झाली म्हणे," ते म्हणाले.

"हो. वैद्यबुवा, आत चला. तुमची जागा रिकामी आहे. मी आता येणार नाही."

त्यांनी एक पेढा घेतला आणि तसाच हातात धरला. "पोरी, माझं मत अजूनही तेच आहे. बायकांनं तिथं बसू नये."

"असू द्या मत. जागा तर तुमची आहे."

"होती," ते म्हणाले. मग ताटीच्या फटीतून आत बसलेल्या त्या सगळ्यांकडे त्यांनी पाहिलं. "परत तिथीच जाऊन बसाचं होतं, तं मग त्या दिवशी उठलो कायले वं मी?"

  मी वाकून त्यांना नमस्कार केला, आणि शिपाई दिसेना म्हणून त्यांना उठायचं असेल तर खांदा असावा या हिशेबानं बाकावर त्यांच्या डाव्या हाताला बसले. ते पेढा खाऊ लागले. आत ती खुर्ची गारव्यात रिकामी होती, आणि सगळेजण मान न वळवता तिच्याकडे पाहत होते.